पाचशे पंचवीस पट, आणि तरी शनी दिसेना

डिसेंबर २०२४, नाताळची सुट्टी, सातारा. ताईच्या घरी जेवणं झाली आणि भाचीने कपाटावरून एक लांबट खोकं खाली काढायला लावलं. दिवाळीत बाबांनी तिच्यासाठी दुर्बीण आणली होती. भाची नऊ वर्षांची. ग्रहांची नावं, त्यांचे चंद्र, कोणाला किती कडी, सगळं तोंडपाठ. दिवाळी ते नाताळ या दोन महिन्यांत दुर्बीण चार वेळा गच्चीवर गेली आणि मग कपाटावर बसली.

"मामा, यातून फक्त पाण्याच्या टाकीवरचा बल्ब दिसतो," ती म्हणाली. "शनी नाही दिसत."

भावोजींचा सूर जरा ओशाळा होता. "ऑनलाइन बघूनच घेतली हो. पाचशे पंचवीस पट लिहिलंय खोक्यावर. आता अजून मोठी घ्यायची का?"

मी पुण्यात हौशी आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत बरीच वर्षं मदत करतो. हे खोकं मला माझ्या बुटांइतकंच ओळखीचं आहे. दर जानेवारीत तीन-चार पालक हीच दुर्बीण घेऊन येतात, नावं तेवढी वेगवेगळी असतात. एरवी मी दहा मिनिटांत दोन सल्ले देऊन मोकळा होतो. या वेळी घरचंच प्रकरण होतं आणि माझ्याकडे आठवडाभराची रजा होती, म्हणून ते शेवटपर्यंत लावून धरलं.

आत काय होतं ते आधी सांगतो. ७६ मिमी व्यासाच्या आरशाची न्यूटनी दुर्बीण, फोकल लेंथ, म्हणजे आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, ७०० मिमी. अ‍ॅल्युमिनियमची तिपाई, तिच्यावर दोन बोटांसारखा चिमटा आणि त्यात दोन प्लास्टिकच्या स्क्रूंनी धरलेली नळी. डोळा लावायची तीन भिंगं, म्हणजे आयपीस: २०, १२.५ आणि ४ मिमीची. सोबत पट तिप्पट करणारं एक जोडभिंग, बार्लो, आणि वर नेम धरायला प्लास्टिकच्या भिंगाचा बारीकसा फाइंडर.

आकड्याचा हिशेब भाचीकडूनच करून घेतला, कारण तिला भागाकार येतो. दुर्बिणीची फोकल लेंथ भागिले आयपीसची फोकल लेंथ म्हणजे किती पट मोठं दिसणार. ७०० भागिले २० म्हणजे ३५. ७०० भागिले ४ म्हणजे १७५. त्याला बार्लोने तीनने गुणलं की ५२५. खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता, एवढं कंपनीच्या बाजूने म्हणता येईल. मात्र या हिशेबात आरशाचा व्यास कुठेच येत नाही. नळीच्या बुडाशी बांगडीएवढा आरसा लावला तरी हाच आकडा आला असता.

खरी मर्यादा व्यासातून येते. हवा अगदी शांत असेल तरी व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे साधारण दोन पट, त्यापुढे जाण्यात हशील नाही. म्हणजे ७६ मिमीला १५० पटीच्या आसपास. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण त्यात नवीन काही येत नाही. तेवढाच प्रकाश जास्त जागेवर पसरतो आणि सगळं काळपट, लोण्यासारखं होतं. फुग्यावर छापलेलं अक्षर फुगा फुगवल्यावर जसं फिकट होत जातं, तसंच.

यावरून भावोजींनी स्वतःच निष्कर्ष काढला: "म्हणजे आरसा लहान आहे. मोठा घेऊ." मला तो पटत नव्हता. ७६ मिमीचा आरसा लहान आहे हे खरं, पण गॅलिलिओच्या भिंगांपेक्षा तो कितीतरी मोठा आहे आणि गॅलिलिओला वीसेक पटीत गुरूचे चंद्र सापडले होते. शनीचं कडं पंचवीस-तीस पटीलाही वेगळं कळतं. मग ३५ पटीच्या आयपीसमधून काहीच दिसू नये, असं का?

स्टॉपवॉच

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात दुर्बीण गच्चीवर नेली. पहिलं काम फाइंडर जुळवणं, आणि ते दिवसाच करायचं असतं. मोठ्या नळीतून निदान अर्धा किलोमीटर लांबची एखादी स्थिर वस्तू मधोमध आणायची, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तीच वस्तू त्याच्याही मध्यावर आणायची. आम्ही मोबाइलचा मनोरा घेतला. फाइंडर चांगला दोन अंशांनी भलतीकडे बघत होता. दोन अंश म्हणजे आकाशात चार पूर्णचंद्र शेजारी ठेवल्याएवढी चूक. ३५ पटीच्या आयपीसमधून एका वेळी आकाशाचा सव्वा अंशही धड दिसत नाही. शनी फाइंडरच्या मधोमध आणला तरी नळीत तो यायचा प्रश्नच नव्हता. मुलीने दोन महिने बरोबर जागी शोधलं होतं आणि फाइंडरने तिला दर वेळी चुकीच्या जागी नेलं होतं.

मला वाटलं सापडलं दुखणं. सापडलं होतं ते अर्धंच.

संध्याकाळी गुरू पूर्वेला रोहिणीजवळ वर आला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो प्रतियुतीत, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर, येऊन गेला होता, त्यामुळे ठळक होता, चुकायचं कारण नव्हतं. २० मिमीच्या आयपीसमध्ये आला. भाचीने डोळा लावला, फोकसच्या चाकाला हात लावला आणि ओरडली, "गेला!" मी परत आणून दिला. परत गेला. १२.५ मिमीच्या आयपीसवर तर तो थरथरणाऱ्या रेघेसारखाच दिसत राहिला.

इथे एक साधी चाचणी आहे, कोणालाही दुकानातसुद्धा करता येईल. मधल्या पटीच्या आयपीसमध्ये एखादा तारा किंवा दूरचा दिवा आणायचा, नळीवर बोटाने हलकी टिचकी मारायची आणि चित्र शांत व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. एक-दोन सेकंदांत थांबलं तर माउंट, म्हणजे नळी धरणारा सगळा सांगाडा, चांगला. तीन-चारपर्यंत चालवून घेता येतं. आम्ही मोबाइलवर पाच वेळा मोजलं. सात ते आठ सेकंद. वारा आला की मोजणीच बंद.

आता पृथ्वीची फिरकी यात मिळवा. आकाश मिनिटाला पाव अंश सरकतं. ४ मिमीच्या त्या आयपीसमधून १७५ पटीला आकाशाचा जेमतेम सहावा भाग अंशाचा दिसतो, म्हणजे ग्रह एका कडेकडून दुसऱ्या कडेला चाळीस सेकंदांत पोचतो. चाळीसांतले आठ सेकंद थरथर. मग फोकसला हात, परत आठ. ग्रह कडेला गेला म्हणून नळी हलवायची, तर चिमट्याचा स्क्रू घट्ट असेल तर ती झटका देऊन पुढे उडी मारते आणि सैल असेल तर हात सोडल्यावर खाली झुकते. बार्लो लावून ५२५ पट केलं तर सगळा खेळ पाव मिनिटाच्या आत आटोपतो. अनुभवी माणसालाही जिथे दात-ओठ खावे लागतात, तिथे नऊ वर्षांची मुलगी स्टुलावर चवड्यांवर उभी होती.

एक शंका मात्र आधी फेडायला हवी होती. थरथर हवेचीही असते. सिमेंटची गच्ची दिवसभर तापते आणि रात्री वाफारा सोडते, त्यानेही ग्रह उकळल्यासारखा दिसतो. दोन्हींतला फरक ओळखायला सोपा आहे: माउंटची थरथर सगळं चित्र आडवंतिडवं नाचवते आणि हात काढला की हळूहळू विरते. हवेची थरथर हात लावला न लावला तरी चालूच राहते, आणि ग्रह जागच्या जागी असतो, फक्त त्याच्या कडा लाटांसारख्या हलतात. आम्ही हात मागे घेऊन आठ सेकंद श्वास रोखून थांबलो, तेव्हा गुरू स्तब्ध झाला आणि त्यावरचे दोन पट्टे क्षणभर स्वच्छ दिसले. मग मी रोहिणीचा तारा मुद्दाम आउट ऑफ फोकस केला. गोल चकती, मधोमध लहान आरशाची काळी सावली, भोवती एकाआत एक वलयं, कुठे कलंडलेली नाहीत. आरसे जागेवर होते आणि चांगले होते.

खरं तर एवढ्या लहान आणि लांबट फोकसच्या दुर्बिणीचा आरसा बिघडवणं अवघडच असतं. फोकल लेंथ व्यासाच्या नऊ पट असली की साधा गोलीय आरसाही पॅराबोलाच्या जवळपासचं काम देतो. कारखान्याने पैसे वाचवले होते ते सगळे आरशाखाली, तिपाईत.

"म्हणजे दुर्बीण चांगली आहे?" भावोजींनी विचारलं.

"नळी चांगली आहे. पाय वाईट आहेत."

खोकं आवरताना एक गोष्ट हाती लागली, तीही सांगितलीच पाहिजे. आयपीसच्या तोंडावर बसवायची काळी-हिरवी काचेची टिकली, वर 'सन' लिहिलेलं. अशा टिकलीवर आरशाने गोळा केलेला सगळा प्रकाश आणि उष्णता येऊन पडते. ती तडकली तर डोळा जायला पापणी लवण्याचाही वेळ मिळत नाही. सूर्य बघायचा तर फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर हवा, आयपीसवर कधीच नाही. भाचीच्या देखत मी ती टिकली पायरीवर ठेवली आणि तिलाच बत्ता दिला. तो आवाज तिला फार आवडला.

सनमायका

जॉन डॉब्सन हे नाव हौशी मंडळींत आदराने घेतात. ते रामकृष्ण परंपरेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात १९४४ साली संन्यासी म्हणून दाखल झाले आणि मठात राहून चोरूनमारून आरसे घासत राहिले. १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला, पुढच्याच वर्षी त्यांनी सोबत्यांसह फुटपाथवर लोकांना आकाश दाखवणारा गट उभा केला. दुर्बिणीच्या जगाला त्यांची देणगी म्हणजे पायांऐवजी पेटी: प्लायवूडची एक पेटी जमिनीवर गोल फिरते आणि नळी तिच्यात वर-खाली डोलते. घर्षण एवढंच की नळी सोडली की जिथल्या तिथे राहते आणि बोटाने ढकलली की सुळकन सरकते. ते घर्षण येतं टेफ्लॉनचे तुकडे लॅमिनेटवर घासल्याने. लॅमिनेट म्हणजे आपला सनमायका. साताऱ्यात ज्याच्याकडे सनमायका नाही असा सुतार दाखवा.

ताईच्या ओळखीचे सुतारकाका दुसऱ्या दिवशी आले. १८ मिमी प्लायचे तुकडे त्यांच्याकडे उरलेले होतेच. नळी आयपीससकट बोटावर तोलून तिचा मध्य काढला, तिथे तिला चौकोनी प्लायची पट्टी आवळली आणि पट्टीच्या दोन बाजूंना सहा इंची गोल चकत्या लावल्या. या चकत्या दोन उभ्या फळ्यांच्या खाचेत बसतात. खाली दोन गोल पाट, मधे एक बोल्ट, वरच्या पाटाच्या तळाला सनमायका, खालच्या पाटावर तीन घसरपट्ट्या. टेफ्लॉन मिळेना, म्हणून ताईने भाजी चिरायचा जुना पांढरा प्लास्टिकचा बोर्ड दिला. काकांनी त्यातून पेढ्याएवढे चौकोन कापले.

पहिली पेटी फसली. काकांनी हौसेने चकचकीत, गुळगुळीत सनमायका लावला होता, आणि गुळगुळीतवर प्लास्टिक चिकटतं. नळी ढकलली की आधी हलायची नाही, मग एकदम अर्धा अंश उडी. बारीक दाणेदार पोताचा सनमायका लावल्यावर चालीत फरक पडला. हे उलटं वाटतं, पण डॉब्सनी पेट्या बांधणारे सगळे दाणेदारच मागतात. दुसरी अडचण तोलाची: जड आयपीस लावली की तोंड खाली जायचं. त्यावर उपाय म्हणजे नळीच्या बुडाशी मुठीएवढा वाळूचा मोजा, वेलक्रोने चिकटवलेला. दिसायला अगदी भिकार, कामाला चोख.

पेटी बुटकी असल्याने खाली काहीतरी लागतं. प्लास्टिकची खुर्ची अजिबात नको, तिने सगळं केलं-सवरलं पाण्यात जातं. घरातलं जुनं शिसवी स्टूल निघालं. त्यावर पेटी ठेवल्यावर आयपीस नेमकी भाचीच्या डोळ्यासमोर आली आणि तिला चवड्यांवर उभं राहावं लागलं नाही. लहान मुलासाठी दुर्बीण घेताना ही उंची कोणी मोजत नाही. मुलाला डोळा लावण्यासाठी नळी धरावी लागली, की कितीही चांगला माउंट हलणारच.

खर्चाचं म्हणाल तर काकांची मजुरी आणि एक १० मिमीची सव्वा इंची प्लॉसल आयपीस. तिने ७० पट मिळतात, आणि खोक्यातल्या ४ मिमीच्या सुईच्या छिद्रातून बघण्यापेक्षा ते कितीतरी सुखाचं. सव्वा इंच हे आयपीसच्या नळीचं प्रचलित माप. दुर्बीण घेताना ते आहे ना, एवढं बघावंच. त्याहून बारीक, जुन्या मापाची असेल तर पुढे चांगली आयपीस त्यात बसत नाही आणि दुरुस्तीचे दरवाजे बंद होतात. या नळीला ते होतं, हे नशीब.

४ जानेवारीला शनिवार होता. पाच दिवसांची चंद्रकोर पश्चिमेला आणि तिच्या अगदी जवळ शनी. शोधायला नकाशा लागला नाही. टिचकीची चाचणी परत केली. एक सेकंद, कधी तेवढाही नाही. भाचीने स्वतः चंद्र आणला, संकटांचा समुद्र म्हणतात तो लंबगोल काळा डाग ओळखला, प्रकाश-अंधाराच्या सीमेवरची विवरं मोजायला लागली. मग स्वतःच नळी शनीकडे ढकलली.

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कडं कुठंय? ही तर टाचणी खुपसलीय."

हेही मी आधी सांगायला हवं होतं. त्या हिवाळ्यात शनीची कडी आपल्याकडे जवळजवळ कडेवर होती, मार्च २०२५ मध्ये ती पूर्ण कडेवर येणार होती. पुस्तकातलं पसरट कडं त्या वर्षी जगातल्या कोणत्याच दुर्बिणीतून दिसलं नसतं. ७० पटीला ते चित्र नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पूर्णचंद्रापेक्षा जरासंच मोठं असतं, तरी बघणाऱ्याला ते मोहरीएवढं वाटतं. छापील फोटो बघून वाढलेल्या मुलांना ही तयारी द्यावी लागते. तिने मात्र टाचणी वहीत काढली, तारीख घातली आणि पुढच्या वर्षीसाठी शेजारी रिकामा चौकोन ठेवला. गुरूवर आल्यावर दोन पट्टे आणि बाजूचे ठिपके तिने कोणी न सांगता ओळखले.

दुसरी खरेदी

इथे प्रकरण संपायला हरकत नव्हती, पण भावोजींनी मोठ्या दुर्बिणीसाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते आणि ते कशात घालायचे हा प्रश्न उभा होता. त्यांच्यासमोर दोन पर्याय होते: द्विनेत्री, किंवा १३० मिमीची टेबलावर ठेवायची डॉब्सनी दुर्बीण.

मी द्विनेत्रीच्या बाजूने होतो. आकाशातल्या बऱ्याच गोष्टी मोठ्या पटीत नव्हे तर मोठ्या पसाऱ्यात बघायच्या असतात. कृत्तिका ७० पटीला पाहिल्या तर घोसातले चार तारे नजरेत मावतात, सात-आठ पटीला अख्खा घोस. मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ, देवयानीतली दीर्घिका, आकाशगंगेचा सगळा पट्टा द्विनेत्रीतून बघावा. शिवाय दोन डोळ्यांनी बघणं, सरळ चित्र आणि तयारी शून्य.

माझी १०×५० पुण्याहून आणली होती. यातला १० म्हणजे पट, ५० म्हणजे प्रत्येक भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भाचीच्या हातात दिली. "दोन दोन गोल दिसतात," ती म्हणाली आणि एक डोळा मिटून बघायला लागली. मला वाटलं वजन झेपत नसेल. हात भिंतीला टेकवून दिला, तरी तेच.

कारण पट्टीने मोजल्यावर कळलं. तिच्या दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर ५४ मिमी होतं. माझी द्विनेत्री पूर्ण मिटली तरी तिच्या दोन आयपीस ५६ मिमीच्या आत येत नाहीत. मोठ्या माणसांना हे कधी जाणवत नाही, कारण त्यांचं अंतर साठ-पासष्टच्या घरात असतं. आठ-नऊ वर्षांच्या पुष्कळ मुलांना मात्र बाजारातल्या मोठ्या द्विनेत्री बसतच नाहीत. मूल बिचारं काही सांगत नाही, एक डोळा मिटतं आणि थोड्या वेळाने ठेवून देतं. कंपनीच्या तपशिलाच्या कोष्टकात 'इंटरप्युपिलरी' अशी ओळ असते, तिथला लहान आकडा बघावा. तो मुलाच्या अंतरापेक्षा कमी हवा.

त्यामुळे आम्ही ५० मिमीचा नाद सोडला आणि ८×३० वर आलो. मुलीला बसणारी, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. ३० मिमीचं भिंग ५० च्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांशाहून थोडा जास्त प्रकाश गोळा करतं, म्हणजे तोटा आहेच. पण पुण्याच्या मानाने साताऱ्याचं आकाश बरंच काळं आहे, आणि दोन्ही डोळ्यांनी पाहिलेले ३० मिमी एका डोळ्याने पाहिलेल्या ५० पेक्षा सुखाचे. पट दहाच्या वर मुलाच्या हातात नकोच, हाताची थरथरही तेवढ्याच पटीने वाढते. गच्चीवर गोधडी अंथरून आडवं पडायचं, कोपर छातीला टेकवायचं, हीच तिची तिपाई.

भावोजींच्या मित्राने रस्त्यावरून घेतलेली एक द्विनेत्री आणून दाखवली. तिच्यावर ५० मिमीची जाहिरात होती, भिंगं नारिंगी-लाल चकाकणारी. आम्ही आयपीसच्या थोडं मागून टॉर्च मारला आणि पुढच्या भिंगातून भिंतीवर पडणारं प्रकाशाचं वर्तुळ मोजलं. ३६ मिमी. आत कुठेतरी प्रकाश अडवलेला होता आणि बाहेरची ५० मिमीची काच शोभेची होती. ही चाचणी अंधाऱ्या खोलीत दोन मिनिटांत होते. लाल चकाकी हीसुद्धा गुणवत्तेची खूण नव्हे. चांगल्या लेपाच्या भिंगात स्वतःचं प्रतिबिंब अंधुक, हिरवट-जांभळं दिसतं.

१३० मिमीचा प्रश्न यापेक्षा कठीण होता, कारण त्यात भावोजींचं म्हणणं चूक नव्हतं. १३० चा आरसा ७६ च्या जवळजवळ तिप्पट प्रकाश गोळा करतो. अंधुक तारकागुच्छ आणि तेजोमेघ यांत हा फरक डोळ्यांना लगेच कळतो, चंद्र-ग्रहांत त्या मानाने कमी. टेबलावरची डॉब्सनी म्हणजे आमच्याच पेटीची कारखान्यात बनलेली बहीण, त्यामुळे स्थिरतेची काळजी नाही, फक्त खालचं टेबल भक्कम हवं. एक गोष्ट मात्र वाढते: फोकल लेंथ व्यासाच्या पाचपटच असल्याने आरसे जरा हलले तरी चित्र बिघडतं, आणि ते अधूनमधून स्क्रूने जुळवून घ्यावे लागतात. ते काम भावोजींना शिकावं लागलं असतं.

कंपन्यांबद्दल त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं ते असं. दुर्बिणीत सेलेस्ट्रॉन आणि स्काय-वॉचर ही नावं आपल्याकडे सहज मिळतात. दोन्ही तैवानच्या सिंटा समूहाशी जोडलेली आहेत, सेलेस्ट्रॉन तर २००५ मध्ये सिंटाने विकतच घेतली, त्यामुळे दोघांच्या मालात साम्य दिसलं तर नवल नाही. मोठ्या डॉब्सनीत तैवानचीच जीएसओ. द्विनेत्रीत निकॉन, पेंटॅक्स, विक्सन. अमेरिकेतल्या ओरायनचं नाव जुन्या लेखांत पानोपानी दिसेल, पण ती कंपनी २०२४ मध्ये बंद झाली, उरलासुरला माल घ्यायचा असेल तर सुटे भाग मिळणार नाहीत हे धरून घ्या.

पण नाव बघून डोळे मिटू नयेत. नामांकित कंपन्यासुद्धा आकड्यांना भुलणाऱ्या गिऱ्हाइकासाठी स्वस्त मालिका काढतात. त्यातला एक सापळा ओळखायला टेप पुरते. कागदावर फोकल लेंथ १००० मिमी आणि नळी मात्र हातभर, अर्धा मीटर. साध्या न्यूटनी दुर्बिणीची नळी फोकल लेंथएवढीच असायला हवी. ती निम्मी असेल तर फोकसरच्या आत एक जादा भिंग दडवलेलं आहे. ते भिंग मध्यम प्रतीचं असतं आणि त्याच्यामुळे आरसे जुळवायला गेलं की नवशिक्याचा घाम निघतो. अशा दुर्बिणीला बहुधा डुगडुगणारा विषुववृत्तीय माउंटही जोडलेला असतो, तोलाची वजनं आणि दोन लांब दांड्यांसकट. दिसतो फार शास्त्रीय. मुलाला मात्र वर-खाली आणि डावी-उजवी एवढंच समजतं, आणि नळी ध्रुवाकडे कललेल्या अक्षावर वाकडीतिकडी फिरायला लागली की आयपीस पोटाखाली जाते.

शेवटी जानेवारीत द्विनेत्री घेतली. १३० ची खरेदी दिवाळीवर टाकली. ताईचं म्हणणं त्यात निर्णायक ठरलं: "मे महिन्यात घेऊन काय उपयोग? जूनपासून चार महिने ढगच. आरशाला बुरशी लावायला घेऊ का?" साताऱ्याच्या पावसात हे अगदी खरं आहे. ७६ ची नळीसुद्धा पावसाळ्यात दोन्ही टोपणं लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात जाईल असं ठरलं. ओल्या दिवसात कपाटात कोंडून ठेवली तर आरशावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू उगवतात आणि ते पुसून निघत नाहीत.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर मी परत गेलो. रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला चांगले वर आले होते. आजीही गच्चीवर येऊन बसल्या होत्या. भाचीने आधी द्विनेत्रीतून वसिष्ठ-अरुंधती दाखवले, मग पेटी तिकडे वळवली आणि ३५ पटीला वसिष्ठाचा तारा मधोमध आणला. त्या एका ताऱ्याचे दोन तारे झालेले होते, एक ठळक आणि त्याला खेटून एक मंद, आणि अरुंधती त्याच गोलात थोडी लांब.

आजींनी बराच वेळ डोळा लावला. नळी हलली नाही.

"आमच्या लग्नात भटजींनी दोनच दाखवले होते," त्या म्हणाल्या. "हा तिसरा कोण?"

"तोही वसिष्ठच," भाची म्हणाली. "जवळ जवळ आहेत ना, म्हणून नुसत्या डोळ्यांना एकच दिसतो."

आजींनी परत एकदा वाकून बघितलं आणि ताईला हाक मारली.